खाज सुटली म्हणजे मूळव्याधच?

पंचेचाळिशीचे एक दुकानदार तपासायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत मूळव्याधीच्या मलमाच्या तीन अर्धवट ट्यूब होत्या. सहा महिने गुदद्वाराशी खाज, रात्री जास्त. तपासलं तर मोड नव्हताच. कातडी मात्र पांढुरकी, जाडसर झालेली, बारीक चिरा पडलेली आणि नखांचे ओरखडे.

गैरसमज : तिथे खाज म्हणजे मूळव्याध.
वस्तुस्थिती : मूळव्याधीची ठळक खूण म्हणजे शौचाच्या वेळी न दुखता पडणारं रक्त. तिच्यामुळे खाज येऊ शकते, पण नुसती खाज बहुतेकदा कातडीची तक्रार असते. शौचानंतर राहिलेला ओलावा, घाम, पातळ शौचाचा किंचित पाझर एवढंही पुरतं. खाजवलं की कातडी सोलते, सोललेली आणखी खाजते. लहान मुलांना रात्री खाज सुटत असेल तर आधी बारीक पांढऱ्या जंतांचा संशय घ्यावा. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा औषध घरातल्या सगळ्यांना देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. मधुमेह असेल तर बुरशी. जांघेपर्यंत पसरलेली, कडेला लालसर असलेली चकती दिसली तर नायटा.

गैरसमज : जागा अस्वच्छ राहते म्हणून खाजतं, साबणाने घासावी.
वस्तुस्थिती : दुकानदार नेमकं हेच करत होते. दिवसातून तीनदा साबण, मगात झाकणभर जंतुनाशक, मग खरखरीत टॉवेल. साबण तिथलं नैसर्गिक तेल काढून टाकतो आणि चुरचुर वाढवतो. आपली पाण्याने धुण्याची सवय उत्तम आहे, चूक त्यापुढच्या घासण्यात आहे. सुगंधी ओले रुमालही टाळावेत.

मलमांचं काय? कधी कधी कातडी बधिर करणाऱ्या मलमाचीच ॲलर्जी येते, तेव्हा लावावं तेवढं खाजतं. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टिरॉइड-मिश्रणं दोन दिवस आराम देतात, मग कातडी पातळ करतात आणि नायटा असेल तर तो लपवून पसरवतात.

दुकानदारांच्या तिन्ही ट्यूब बंद केल्या. साधं कोमट पाणी, मऊ सुती कापडाने टिपणं, वर झिंक ऑक्साइडचा पातळ थर, सैल सुती अंतर्वस्त्रं, नखं कापलेली. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, तेही तपासून, जेमतेम दोन आठवडे. चहा-कॉफी आणि झणझणीत रस्सा कमी करून पाहिला, कारण काहींची खाज त्यानेच उचल खाते. तीन आठवड्यांत त्यांना रात्रीची झोप लागू लागली.

पण रक्त, गाठ, न भरणारी जखम, शौचाच्या सवयीत बदल किंवा वजन उतरणं यांपैकी काही दिसलं, किंवा एवढं करूनही महिन्याभरात खाज गेली नाही, तर संकोच बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. तपासणीला पाच मिनिटं लागतात.