पहिला ग्लास भरण्याआधी

दारू पिऊन गाडी चालवू नये, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. बाहेर पार्टी असेल तर मित्र किल्ली काढून घेतात, रिक्षा करून देतात आणि 'घरी पोचलास की फोन कर' असं बजावतात. तो फोन आला की सगळे निश्चिंत होतात. पण घरात गॅस आहे, उकळतं तेल आहे, ओली फरशी आहे, जिना आहे, गिझर आहे. शिवाय रात्रीच्या त्या वेळी घरातली बाकीची माणसं झोपलेली असतात. दारूमुळे घरात भाजणं, पडणं आणि आग लागणं कसं घडतं, हे एका रात्रीचं उदाहरण घेऊन पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी घराघरांत घडणारी आहे.

एक मध्यमवयीन गृहस्थ शनिवारी रात्री साडेआठला बसतात आणि साडेदहापर्यंत एक क्वार्टर संपवतात. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे त्यांच्या पोटात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. यकृत तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. साडेआठला सुरू झालेली ही क्वार्टर अंगातून पुरती जायला पहाटेचे तीन ते पाच वाजतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ग्लास खाली ठेवला की दारू चढायची थांबत नाही. पोटातलं अल्कोहोल रक्तात उतरत राहतं आणि शेवटच्या घोटानंतर साधारण अर्ध्या ते दीड तासात त्याचं प्रमाण सर्वात जास्त होतं. पोटात जेवण असेल तर आणखी उशिरा. म्हणजे हे गृहस्थ बाटली बाजूला ठेवून 'आता बास' म्हणतात, त्यानंतरचाच काळ सर्वात धोक्याचा असतो. नेमकी त्याच वेळी भूक लागते.

बायको-मुलं झोपली आहेत. त्यांना उठवायला नको म्हणून गृहस्थ स्वतःच ओट्याशी जातात. चार पापड तळावेत म्हणून कढईत तेल घालतात, मोठा बर्नर पेटवतात आणि तेल तापेपर्यंत हॉलमध्ये सोफ्यावर टेकतात. टीव्ही चालू असतो. अल्कोहोल मेंदूला गुंगी आणतं, त्यात दिवसभराचा थकवा. पाच मिनिटांत डोळा लागतो.

शेगडीवर पाणी विसरलं तर ते शंभर अंशांवर उकळत राहतं आणि आटून जाईपर्यंत भांड्याला काही होत नाही. तेलाचं तसं नाही. तळणीसाठी ते साधारण १८० अंशांना तयार होतं, पण तिथे थांबत नाही. रिफाइंड तेल २३० अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि तापत तापत साडेतीनशेच्या पुढे गेलं की वरून काडी न लावताही पेट घेतं. मोठ्या बर्नरवर थोड्या तेलाला त्यासाठी फार वेळ लागत नाही. कढईच्या वर चिमणी असेल आणि तिच्या जाळीत महिनोन् महिन्यांचं तेल साचलेलं असेल, तर ज्वाळेला वर चढायला तयार वाट मिळते.

धुराच्या वासानं जाग येईल, हा भरवसा खोटा आहे. झोपेत नाक जवळजवळ काम करत नाही, हे न प्यायलेल्या माणसालाही लागू आहे. प्यायलेल्या माणसाला तर धुराच्या अलार्मचा कर्कश आवाजही सहज उठवू शकत नाही. आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तोही गुंगीच आणतो. दोन्ही गुंग्या एकत्र आल्या की माणूस सोफ्यावरून उठतच नाही. पेटती विडी किंवा सिगारेट हातात घेऊन गादीवर आडवं होणं म्हणूनच इतकं घातक असतं. कापूस तासन् तास आतल्या आत धुमसत राहतो आणि ज्वाळा दिसण्याआधीच खोली धुरानं भरते.

समजा गृहस्थांना वेळेत जाग आली. ते धडपडत स्वयंपाकघरात येतात, पेटलेली कढई पाहतात आणि पिंपातलं तांब्याभर पाणी तिच्यावर ओततात. शुद्धीतली माणसंही घाबरून हीच चूक करतात. दारू प्यायलेल्याला मात्र थांबून विचार करायला तेवढीही उसंत मिळत नाही, कारण मनात आलेली पहिली कृती रोखणारा मेंदूचा भाग अल्कोहोलनं आधी सुस्तावतो. पाणी तेलाखाली बुडतं, क्षणात वाफ होतं, त्या वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे सतराशे पट होतं आणि ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. असं तेल पेटलं तर हात पोचत असेल तरच गॅस बंद करावा, कढईपेक्षा मोठं झाकण किंवा परात बाजूनं सरकवून वर ठेवावी आणि कढई पुरती गार होईपर्यंत झाकण उचलू नये. कढई उचलून मोरीकडे धावणं म्हणजे स्वतःवर पेटतं तेल सांडून घेणं. आग कढईबाहेर गेली असेल तर सगळ्यांना उठवून बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ ला फोन करायचा.

भाजण्याच्या बाबतीत दारू आणखी एक घात करते. गरम वस्तूला हात लागला की आपण तो झटक्यात मागे घेतो. प्यायलेल्याचा हात उशिरा मागे येतो आणि तेवढ्या वेळात जखम कातडीत खोल जाते. साठ अंशांच्या पाण्यानं खोल भाजायला पाचच सेकंद पुरतात आणि गिझरचं पाणी एवढं तापलेलं सहज असतं. वर दारूनं वेदना बोथट झालेली असते. 'फारसं दुखत नाही, सकाळी बघू' असं म्हणून माणूस झोपतो. खोल भाजलेल्या जागी चेतातंतूच जळालेले असतात, म्हणून तिथे दुखणं कमीच असतं. तेव्हा किती दुखतंय यावरून जखमेचा अंदाज बांधू नये. भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरावा, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात, स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळावं आणि दवाखान्यात जावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नये. कपडा कातडीला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये.

त्या रात्री कढई पेटली नाही असं धरलं, तरी रात्र संपलेली नसते. अल्कोहोल शरीरातलं लघवी रोखून धरणारं संप्रेरक दाबतं, त्यामुळे रात्री दोन-तीनला उठावं लागतं. तेव्हा रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. आडवा माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे जातं, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पुरुष उभ्यानं लघवी करतात तेव्हा तो आणखी उतरू शकतो. तोल सांभाळणारा लहान मेंदू सुस्त असतो आणि आतल्या कानातल्या तोलाच्या अवयवातही अल्कोहोल शिरलेलं असतं. डोळे मिटून पडल्यावर खोली फिरल्यासारखी वाटते ती त्याचमुळे. एरवी ठेच लागली की हात आपोआप पुढे येतात. इथे ते येत नाहीत आणि डोकं थेट नळावर किंवा कमोडच्या कडेवर आपटतं.

यानंतर घरच्यांच्या हातून होणारी चूक जिवावर बेतू शकते. धप्प आवाज ऐकून बायको उठते, नवऱ्याला पलंगावर आणून टाकते आणि 'उतरली की उठेल' असं समजून दिवा मालवते. डोक्यातला रक्तस्राव आणि दारूची गुंगी वरून सारखीच दिसते: बोबडं बोलणं, उलटी, न उठणं. नेहमी पिणाऱ्यांमध्ये असा रक्तस्राव व्हायची शक्यताही जास्त असते, कारण यकृत बिघडलेलं असेल तर रक्त नीट गोठत नाही. म्हणून प्यायलेला माणूस डोक्यावर पडला असेल तर कारण दारू नाही असंच धरून चालावं. हाक मारून, खांदा हलवून तो जागा होत नसेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, दोन्ही बुबुळांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, कानानाकातून पाणी किंवा रक्त येत असेल, फिट आली असेल, किंवा वेळ जाईल तशी गुंगी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर १०८ ला फोन करावा. त्यांना दारू आणि मार, दोन्ही सांगावं. ही लक्षणं दिसली नाहीत तरी त्याच रात्री डॉक्टरांना दाखवणं चांगलं. तोवर त्याला उताणा ठेवू नये. मानेला झटका न देता कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही.

आता खबरदारीकडे येऊ. या सगळ्या प्रसंगांत एक अडचण सारखीच आहे: सावधपणा हवा असतो तेव्हा तो दारूनं नेलेला असतो. 'प्यायल्यावर जपून वागा' हा सल्ला म्हणूनच कुचकामी ठरतो. जे करायचं ते पहिला ग्लास भरण्याआधी करून ठेवलं पाहिजे.

आधी जेवण. स्वयंपाक, चकणा, तळण सगळं आधी उरकावं आणि उशिरा लागणाऱ्या भुकेसाठी फरसाण, पोळी-भाजी, केळी असं गरम न करता खाता येईल ते डब्यात काढून ठेवावं. मग गॅस. बर्नरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा भिंतीवरचा कॉकही बंद करावा. झोपेत चालल्यासारखा माणूस ओट्याशी आला तरी शेगडी पेटत नाही. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला, तर सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो. वास आला तर पंखा-दिव्याचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नये. दारं-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर पडून १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा.

झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंतची वाट मोकळी करावी, तिथे एक लहान दिवा रात्रभर चालू ठेवावा आणि न्हाणीघराची फरशी पुसून कोरडी करावी. रात्री उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसावं, लघवी बसून करावी आणि आतून कडी लावू नये, म्हणजे पडलात तर दार तोडावं लागत नाही. विडी-सिगारेट ओढायची असेल तर ती बाल्कनीत, उभ्यानं, पाणी घातलेल्या डब्यात विझवून. आणि त्या रात्री घरात एक मोठं माणूस न प्यायलेलं असावं. तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं वडीलधारं असेल तर ही अट सोडूच नये, कारण त्यांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही.

एखाद्या घरात अशी रात्र दर आठवड्याला किंवा रोजच येत असेल, तर रेग्युलेटर आणि दिवा पुरणार नाही. रोज पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. पिणाऱ्यानंच फोन केला पाहिजे असं नाही, त्याच्या बायकोनं, आईनं किंवा मुलानं केला तरी चालतो.