दुबईतली मावशी आणि लंडनचा इशारा
लेखमाला : पासवर्डच्या पलीकडे – लेखांक ९

रात्री दहा वीसला फोन वाजला. कांदिवलीच्या महावीरनगरात राहणारी माझी मावशी तेव्हा लेकीकडे दुबईला गेली होती. आवाज घाबरलेला होता. "अरे, लंडनमधून कुणीतरी माझं मेलचं खातं उघडलंय, असा इशाऱ्याचा मेल आलाय. मी तर इथे बसलेय."

"मेलमधलं काही दाबू नकोस," मी म्हणालो. "आज दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर मेल उघडलास का?"

"हो, जेवणानंतर. परतीच्या तिकिटाची प्रिंट काढायची होती, म्हणून जावयांच्या लॅपटॉपवर."

"लॅपटॉप घरचा की ऑफिसचा?"

"ऑफिसचा."

तिथेच अर्धा उलगडा झाला. इशाऱ्यात दिसणारा देश म्हणजे माणूस बसलेली जागा नसते. मेलसेवेला दिसतो तो फक्त आयपी पत्ता, म्हणजे ज्या दारातून तुम्ही इंटरनेटवर बाहेर पडलात त्या दाराचा क्रमांक. कुठले क्रमांक कुठल्या देशात वापरले जातात याची कोष्टकं असतात, त्यांवरून देशाचा अंदाज केला जातो. जावयांच्या कंपनीचा लॅपटॉप सगळी ये-जा व्हीपीएनवरून लंडनच्या कार्यालयामार्फत करतो. सेवेच्या लेखी मावशी लंडनमध्येच होती.

याच्या उलटही घडतं. मुंबईचं सिम रोमिंगवर चालू असलं, की डेटा बहुधा आपल्या भारतातल्या कंपनीकडे परत येतो आणि इथून इंटरनेटवर जातो, त्यामुळे दुबईत बसूनही तुम्ही भारतात दिसता. प्रवासासाठी विकत घेतलेल्या ई-सिमचा डेटा अनेकदा तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो. म्हणजे एकाच संध्याकाळी, एकाच सोफ्यावर बसून मावशी घरच्या वायफायवर अमिरातीत, जावयांच्या लॅपटॉपवर ब्रिटनमध्ये आणि मुंबईचं सिम सोबत असतं तर भारतातही दिसू शकली असती. म्हणून "मी त्या देशात नाही, तेव्हा मेल खोटा" हा निष्कर्ष चुकतो. "मी त्याच देशात आहे, तेव्हा मेल खरा" हा तर धोक्याचाच आहे, कारण फिरायला गेल्याचे फोटो आपणच सगळ्यांना दाखवत असतो.

देशापेक्षा भरवशाच्या दोन खुणा आहेत, यंत्र आणि वेळ. नव्या लॉगिनचा इशारा सहसा नव्या यंत्रावर किंवा नव्या ब्राउझरवर पासवर्ड टाकल्यावर येतो. आधीपासून लॉगिन असलेला फोन नुसता विमानातून नेला, तर तो बहुधा येत नाही. मावशीच्या मेलमध्ये यंत्र विंडोजचं होतं, लॅपटॉपही विंडोजचाच. वेळ होती ४:४० पीएम, आणि पुढे कंसात जीएमटी. "चार चाळीसला तर मी समुद्रावर होते," ती म्हणाली. मी तिला हिशेब करायला लावला. जीएमटीच्या पुढे भारत साडेपाच तास, दुबई चार तास. दुबईत तेव्हा रात्रीचे ८:४० झाले होते, म्हणजे प्रिंट काढायचीच वेळ. मला परदेशातून येणारे असे बरेच फोन या एका जीएमटीमुळेच असतात.

एवढं जुळलं तरी मी तिला मेलमधलं बटण दाबू दिलं नाही. खातं मायक्रोसॉफ्टचं होतं, म्हणून फोनचा ब्राउझर उघडून तिने स्वतः `account.microsoft.com` टाइप केलं आणि सुरक्षेच्या विभागातून अलीकडच्या हालचालींचं पान काढलं. तिथे तीच नोंद होती. तीच वेळ, विंडोज, ब्रिटन. "हे मीच" असं सांगणारा पर्याय तिने निवडला आणि विषय मिटला. मेल खरा निघाला, पण तो खरा आहे हे आम्हाला त्या पानाने सांगितलं, मेलने नाही.

त्याच पानावर खाली मात्र ती पुन्हा दचकली. ब्राझील, व्हिएतनाम, चीन अशा देशांतून लॉगिनच्या ओळीच ओळी होत्या. प्रत्येकीपुढे प्रयत्न फसल्याचं, पासवर्ड चुकल्याचं लिहिलेलं. अशा ओळी जुन्या बहुतेक खात्यांवर सापडतात. कुठून तरी फुटलेल्या याद्यांमधले पत्ते आणि पासवर्ड घेऊन यंत्रं दिवसरात्र दारं ठोठावत असतात. कुलूप उघडलं नाही तोवर काळजी नाही. पाहायची ती यशस्वी लॉगिनची ओळ.

दुसऱ्या दिवशी मी तिला जंक फोल्डर बघायला सांगितलं, आणि तिथे खऱ्याच्या शेजारी ठेवून बघावा असा नमुना मिळाला. काही दिवसांपूर्वीचा मेल. ती कांदिवलीतच असताना आलेला. मांडणी हुबेहूब तीच, देश रशिया, शहर मॉस्को. हा साचा जुना आहे. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला त्या सुमारास मॉस्कोचं नाव घेणारे असे खोटे मेल बरेच फिरले. देशाचं नाव घाबरवण्यासाठीच निवडलेलं असतं. त्यातलं तक्रारीचं बटण कुठल्याही वेबपानावर नेत नव्हतं. ते दाबलं की विषय आधीच भरलेला एक नवा मेल उघडायचा, आणि 'प्रति'च्या जागी एक साधा जीमेलचा पत्ता असायचा. तो पाठवला की पलीकडे माणूस बोलायला तयार, पुढची माहिती गप्पांतून काढून घ्यायला. बनावट पान नसल्यामुळे पान ओळखायच्या युक्त्या इथे चालतच नाहीत.

पाठवणाऱ्याचा पत्ता जरूर बघा. मायक्रोसॉफ्टचे असे खरे इशारे `@accountprotection.microsoft.com` वरून येतात. नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतं, म्हणून नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडायचा. दुवा असेल तर `https://` नंतर पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचायचा:

```
https://accounts.google.com.login-check.example/verify
```

सुरुवात गूगलची असली तरी मालक `login-check.example` आहे.

पण खोटा मेल पकडायला पत्ता कामी येतो, मेल खरा ठरवायला नाही. एप्रिल २०२५मध्ये नेमकं हेच उघड झालं. गूगलच्याच खऱ्या `no-reply@accounts.google.com` या पत्त्यावरून आलेला, डिजिटल सहीच्या तपासणीतही खरा ठरणारा मेल फसवणुकीसाठी वापरला गेला. गूगलच्या यंत्रणेकडून खरा इशारा मिळवायचा, त्यात आपला मजकूर घुसवायचा आणि सहीसकट तोच पुढे पाठवत राहायचा, अशी चाल होती. त्यातलं लॉगिनचं पान `sites.google.com` वर होतं. तिथे कुणीही पान बनवू शकतं. गूगलचं खरं लॉगिन `accounts.google.com` वर असतं. अशा मेलपुढे बारकाईने वाचणाराही फसतो. स्वतः पत्ता टाइप करून नोंदी बघणारा मात्र वाचतो, कारण नोंदींच्या पानावर तसलं काही दिसतच नाही.

आणि नोंद दिसली, यशस्वी आहे, पण तुमची नाही, तर? त्याच पानावरून पासवर्ड बदला आणि सगळ्या यंत्रांवरून बाहेर पडा. मायक्रोसॉफ्टमध्ये याला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा लगेच दुसरं काम करा. मेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा नियम कुणी लावलाय का, खातं परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर बदललाय का, ते बघा. लोक पासवर्ड बदलून निश्चिंत होतात आणि चोर त्या नियमातून पुढचे मेल वाचत राहतो. पैसे गेले असतील तर भारतातून लगेच १९३० लावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार करा.

प्रवासात यात एक खास अडचण येते. पासवर्ड बदलायला लागणारा ओटीपी भारतीय सिमवर येतो, आणि ते सिम रोमिंग नको म्हणून कपाटात राहिलेलं असतं. मावशीचंही तसंच होतं. तिचं सिम महावीरनगरच्या घरी, जुन्या फोनमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी घराची किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांकडून मी तो फोन घेऊन आलो, चार्ज केला, आणि आलेला ओटीपी व्हिडिओ कॉलवर तिला दाखवला. पुढे अडायला नको म्हणून त्या ओटीपीने तिने आपल्या दुबईतल्या फोनवरचं ऑथेंटिकेटर अॅप खात्याला जोडलं. नंतर जावयांच्या लॅपटॉपवरून लॉगआउट केलं. ते राहूनच गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात : सिम हरवल्यावर ऑथेंटिकेटर आणि रिकव्हरी कोड कसे चालतात