आडनाव बदललं, पण सगळ्या खात्यांत बदललं का? बँकेला लिहायचं एक पत्र

नेहमीप्रमाणे भागाचं लेखी रूप देतोय. बोलताना जे इकडेतिकडे भरकटलो ते कापलंय, बाकी तसंच ठेवलंय. आजचा विषय छोटा वाटेल: लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलीने बँकेला लिहायचं पत्र. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा काही कायदा नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना बदलायचंय त्यांच्यासाठी हा भाग.

बरेच जण नेटवरून दोन ओळींचं पत्र उचलतात. ‘माझे लग्न झाले आहे, तरी माझे नाव सर्व खात्यांमध्ये बदलावे ही विनंती.’ सोबत विवाह प्रमाणपत्राची झेरॉक्स, आणि काम झालं असं समजून घरी. सहा महिन्यांनी एफडी मोडायला गेल्यावर कळतं की पावतीवर अजून माहेरचंच नाव आहे. मी बँकांना लागणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम करतो, त्यामुळे ‘सर्व खात्यांमध्ये’ हे दोन शब्द पलीकडे कसे पोचतात ते सांगू शकतो. थोडक्यात, पोचत नाहीत.

झालंय असं. बँकेच्या सिस्टीममध्ये तुम्ही म्हणजे एक ग्राहक नोंद. तिला एक क्रमांक असतो, बऱ्याच बँका त्याला सीआयएफ किंवा कस्टमर आयडी म्हणतात. पासबुकच्या पहिल्या पानावर तो सापडतो. तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन हे सगळं या नोंदीला चिकटलेलं असतं, आणि बचत खातं, आरडी, एफडी ही सगळी या क्रमांकाखाली लटकतात. मग एका जागी नाव बदललं की सगळीकडे बदलायला हवं ना? हवं. पण अनेक सिस्टीममध्ये खातं उघडताना ग्राहकाच्या नावाची एक प्रत खात्याच्या नोंदीतही टाकली जाते, खात्याचं शीर्षक म्हणून. ग्राहकाचं नाव बदललं तरी ती प्रत आपोआप बदलेलच असं नाही. मग एकाच बाईचं असं दिसतं:

```
customer_name : ANAGHA NIKHIL CHAUDHARI
account_title : ANAGHA SURESH PATWARDHAN
```

नेटबँकिंगला लॉगिन केलं की वर नवीन नाव झळकतं आणि आपल्याला वाटतं झालं बाबा एकदाचं. स्टेटमेंट डाउनलोड केलं की त्यावर जुनं.

दुसरी गोम म्हणजे एकाच बँकेत दोन ग्राहक क्रमांक. कॉलेजात असताना गावाकडच्या शाखेत शिष्यवृत्तीसाठी खातं काढलं, नोकरी लागल्यावर पुण्यात पगाराचं खातं कंपनीने काढून दिलं. नियमाने दुसऱ्या वेळी जुनाच क्रमांक वापरायला हवा, पण तेव्हा जुन्या खात्याला पॅन जोडलेलं नसतं, आणि सिस्टीमला दोन्ही माणसं वेगळी वाटतात. ओळखायचं कसं? दोन्ही पासबुकांवरचे सीआयएफ ताडून बघा. किंवा नेटबँकिंगमध्ये एखादं खातं दिसतच नसेल तर ते बहुधा दुसऱ्या क्रमांकाखाली आहे. अशा वेळी पत्रात दोन्ही क्रमांक लिहून ते एकत्र करायची विनंती करायची.

आता कागदपत्रं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत एक उपयोगी तरतूद आहे: ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललेलं असलं, तरी राज्य शासनाचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली, म्हणजे गॅझेटची अधिसूचना सोबत असेल, आणि त्यातून नावातला बदल दिसत असेल, तर ते जुनं ओळखपत्र वैध धरलं जातं. म्हणजे ‘आधी आधार बदलून आणा, मगच या’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर ही तरतूद सांगता येते. ‘बदल दिसत असेल’ या शब्दांकडे मात्र लक्ष द्या. तुमच्या प्रमाणपत्रावर फक्त माहेरचं नाव असेल, लग्नानंतरचं नाव कुठेच नसेल, तर लग्न सिद्ध होतं, नवीन नाव नाही. तिथे गॅझेट जास्त भक्कम.

हक्क असला तरी माझं मत असं की आधार, मग पॅन, मग बँक हाच क्रम ठेवावा. कारण आयकराच्या पोर्टलवर परतावा मिळवायला बँक खातं आधी पडताळून घ्यावं लागतं, आणि तिथे खात्यावरचं नाव पॅनशी जुळवलं जातं. खातं नवीन नावावर आणि पॅन जुन्या, असं झालं की पडताळणी अडकते आणि परतावाही अडकतो. पॅनचा नंबर तोच राहतो, फक्त नाव दुरुस्त होतं. आणि आधार बदलल्यावर उगाच वेळ काढू नका. बँकेला दिलेल्या कागदपत्रांत बदल झाला की ३० दिवसांत बँकेला कळवायचं, असाही नियम आहे.

एक खास आपला मराठी घोळ. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. बँकेच्या फॉर्मवर ‘आडनावात बदल’ एवढीच खूण केली तर ‘अनघा सुरेश चौधरी’ तयार होते, जी अनघा कुठल्याच कागदावर नाही. काही जणींना हेच नाव हवं असतं, मग हरकत नाही, पण ते ठरवून झालेलं असावं.

त्यातच स्पेलिंग. चौधरी हे आडनाव इंग्रजीत Chaudhari, Chaudhary, Choudhari अशा किती तरी तऱ्हांनी लिहितात. विवाह प्रमाणपत्रावरचं मराठी बघून बँकेतला माणूस स्वतःच्या सवयीने टाइप करणार. म्हणून नवऱ्याच्या आधारवर जे स्पेलिंग आहे ते बघून, आधी घरात एक स्पेलिंग पक्कं करा. आधारवर नाव सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी ‘y’ च्या जागी ‘i’ करण्यात जाऊ नये.

आता पत्र. अनघा ही कल्पनेतली, खात्यांचे आकडेही कल्पनेतले. तिचं एक बचत खातं, एक एफडी, वडिलांबरोबर एक जोड एफडी आणि एक लॉकर आहे असं धरू.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय: विवाहामुळे नावात झालेला बदल माझ्या सर्व खात्यांत नोंदविणेबाबत. ग्राहक क्रमांक …२१७

महोदय/महोदया,

माझा विवाह दि. (तारीख) रोजी झाला असून त्यानंतर माझ्या नावात पुढीलप्रमाणे बदल झाला आहे.

पूर्वीचे नाव: ANAGHA SURESH PATWARDHAN
नवीन नाव: ANAGHA NIKHIL CHAUDHARI

मधले नाव व आडनाव दोन्ही बदलले आहे. कृपया स्पेलिंग वरीलप्रमाणेच नोंदवावे. हा बदल माझ्या ग्राहक नोंदीत, तसेच खालील प्रत्येक खात्याच्या शीर्षकात करावा:

१. बचत खाते …४४१२. नवीन नावाचे पासबुक, चेकबुक व डेबिट कार्ड द्यावे.
२. मुदत ठेव …९०३५. मूळ पावती सोबत आणली आहे, त्यावर नवीन नावाची नोंद करून मिळावी.
३. श्री. सुरेश पटवर्धन यांच्यासोबतची संयुक्त मुदत ठेव …९१२८. यात मी दुसरी खातेदार आहे.
४. लॉकर क्र. …३६ आणि त्याचा करार.

माझी सही पूर्वीचीच आहे, तीत बदल नाही. पूर्वीचे नावही नोंदीत ठेवावे, जेणेकरून त्या नावाने आलेले चेक जमा करताना अडचण येणार नाही.

सोबत विवाह प्रमाणपत्र, आधार व पॅन यांच्या स्वाक्षांकित प्रती जोडल्या आहेत. मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी आणली आहेत. बदल पूर्ण झाल्यावर लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
(सही)
अनघा निखिल चौधरी (पूर्वीचे नाव: अनघा सुरेश पटवर्धन)

यातल्या काही ओळी मुद्दाम आहेत. जोड एफडी वेगळी लिहिली कारण ती वडिलांच्या क्रमांकाखाली असू शकते. अनघाचा क्रमांक शोधून ती यादीत येईलच असं नाही. सहीची ओळ यासाठी की नाव बदललं म्हणजे सही बदलली असं गृहीत धरलं जातं आणि नमुना सहीचं नवं कार्ड भरून घेतात. सही जर पूर्ण आडनावासकट असेल तर ती बदलावीच लागेल, पण मग आधी दिलेले पुढच्या तारखेचे चेक परत घेऊन नव्या सहीचे द्या, नाहीतर ते सही जुळत नाही म्हणून परत येतील.

पत्राच्या दोन प्रती काढा. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. हीच पोच. मला माहीत असलेल्या एका शाखेत ‘शिक्का लागत नाही, आम्ही करून टाकू’ असं गोड बोलून परत पाठवतात. हसून सांगायचं, लागतो. कारण बँकेकडे तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा.

झालंय की नाही हे बघायला नेटबँकिंगच्या ‘वेलकम’वर विसंबू नका. प्रत्येक खात्याचं ताजं स्टेटमेंट काढा, एफडीची पावती बघा, आणि कुणाला तरी तुमच्या यूपीआयवर एक रुपया पाठवायला सांगा. पाठवताना त्याला जे नाव दिसतं ते बघा. आता एनईएफटी-आरटीजीएसलाही पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसायची सोय आली आहे, त्यामुळे जुनं शीर्षक राहिलं असेल तर पगार पाठवणाऱ्या कंपनीला आणि घरभाडं देणाऱ्याला ते लगेच दिसतं.

या पत्राने काय होत नाही तेही सांगतो. डीमॅट, म्युच्युअल फंड, पोस्टातलं पीपीएफ, पीएफ यांची नोंद बँकेच्या बाहेर आहे, तिथे वेगळे अर्ज. क्रेडिट कार्ड त्याच बँकेचं असलं तरी बहुतेकदा वेगळ्या सिस्टीममध्ये असतं, म्हणून कार्ड विभागाला वेगळं लिहा. तुमच्या खात्यावर नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव असेल तर तेही आपोआप बदलत नाही. बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, फॉर्म वेगळा.

आणि उलट बाजू कुणीच बघत नाही: जिथे तुम्ही दुसऱ्याच्या नॉमिनी आहात. आईच्या एफडीवर नॉमिनी म्हणून ‘अनघा सुरेश पटवर्धन’ असं नुसतं नाव लिहिलेलं असतं, तुमच्या ग्राहक क्रमांकाशी त्याचा काही धागा नसतो. तिथे तुमचं पत्र चालत नाही, खातेदार म्हणून आईनेच अर्ज द्यावा लागतो. पुढच्या वेळी माहेरी गेलात की आईची पावती आणि तुमच्या विवाह प्रमाणपत्राची एक प्रत घेऊन दोघी मिळून शाखेत जाऊन या.