घशातले पांढरे खडे आणि तोंडाची दुर्गंधी

तोंडाला वास येत असेल तर ते समोरचा माणूस सहसा सांगत नाही. जमातीत शेजारी उभा असलेला थोडा बाजूला सरकतो, घरातली लहान मुले तोंड फिरवतात. ज्याच्या तोंडाला वास येतो तो बिचारा लवंग, वेलची, बडीशेप खाऊन दिवस काढतो. दात रोज दोनदा घासले, मिसवाक केली, पेस्ट बदलली, तरी वास जात नाही असे अनेकांच्या बाबतीत होते. याचे एक कारण दातांत नसून घशात, टॉन्सिलच्या खाचांत असू शकते. या लेखात आम्ही त्याबद्दल सांगत आहोत. कारण लाजेपोटी कुणाला न विचारता आरशासमोर उभे राहून पिन किंवा काडीने घसा टोकरणारे लोक आपल्या घरांतच आहेत.

हे खडे असतात तरी काय?

तोंड मोठे उघडले की घशाच्या दोन्ही बाजूंना मांसल गोळे दिसतात. त्यांनाच आपण टॉन्सिल म्हणतो. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, त्यावर अनेक खोल खाचा असतात. कुणाच्या खाचा उथळ असतात, तर कुणाच्या जास्त खोल. ज्यांचे टॉन्सिल लहानपणी वारंवार सुजले, त्यांच्या खाचा पुढे रुंद झालेल्या दिसतात.

या खाचांत अन्नाचे बारीक कण, तोंडातल्या झडलेल्या पेशी आणि नाकातून मागे घशात उतरणारा शेंबूड अडकतो. तिथे हवा कमी पोहोचते, म्हणून हवेशिवाय जगणारे जंतू त्यावर वाढतात. हे जंतू अडकलेला कचरा कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो या वायूंचाच. पुढे लाळेतले क्षार त्यावर बसतात आणि मऊ गोळीचा पिवळसर पांढरा खडा होतो. डॉक्टर त्याला टॉन्सिलोलिथ म्हणतात, बोलीत टॉन्सिल स्टोन. बहुतेक खडे तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असतात. खोकताना किंवा शिंकताना एखादा बाहेर येतो. बोटांत चिरडला की त्याचा वास येतो आणि मग माणसाला उलगडा होतो.

हे खडे एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. ते कॅन्सरही नाहीत आणि अनेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांना वासाखेरीज घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, तोंडाची चव बिघडते आणि कधी त्याच बाजूचा कान हलकासा दुखतो.

वास नेमका कुठून येतो?

तोंडाच्या दुर्गंधीचे सर्वांत मोठे कारण टॉन्सिल नसते. जिभेच्या मागच्या भागावर साचलेला थर आणि हिरड्यांचे आजार ही कारणे त्याहून जास्त आढळतात. म्हणून आधी ठिकाण शोधावे. चमच्याच्या उलट्या बाजूने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडावा, तो थर थोडा सुकू द्यावा आणि वास घ्यावा. नंतर दाढांच्या फटीत दात साफ करण्याचा धागा फिरवून त्याचा वास घ्यावा. शेवटी तोंड बंद ठेवून फक्त नाकाने श्वास सोडावा आणि त्याचा वास कसा आहे हे घरातल्या जवळच्या माणसाला विचारावे. वास फक्त नाकाच्या श्वासाला असेल तर मूळ नाकात असण्याची शक्यता जास्त. एकाच वेळी दोन ठिकाणांहून वास येत असेल असेही होते.

आता घसा पाहावा. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घ्यावा, जीभ बाहेर काढून ‘आऽ’ म्हणावे. ताप नाही, गिळताना दुखत नाही आणि टॉन्सिलवर एक-दोन जागी पांढरा ठिपका आहे, तर तो बहुधा खडा. पण दोन्ही टॉन्सिल लाल, सुजलेले, त्यांवर पांढरे डाग आणि जोडीला ताप असेल तर तो संसर्ग आहे, खडा नव्हे. लहान मुलाच्या घशात करडा, घट्ट चिकटलेला पापुद्रा दिसला, मान सुजली, ताप आला तर घटसर्पाचा संशय असतो. तो पापुद्रा खरवडू नये. मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे.

घरी करता येईल ते

पहिला उपाय मीठ-पाण्याच्या गुळण्यांचा. एक पेला कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ पूर्ण विरघळवावे. पाणी मनगटावर टाकून पाहावे, चटका बसता कामा नये. घोट तोंडात घेऊन मान मागे करावी आणि घशातून ‘घर्र’ आवाज येईल अशी गुळणी पंधरा-वीस सेकंद करून थुंकावे. पेला संपेपर्यंत हे करावे. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी, दिवसातून दोन-तीन वेळा. पाणी गिळू नये, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांनी. ज्या लहान मुलांना गुळणी करून थुंकता येत नाही त्यांना हा उपाय देऊ नये.

इथे एक फरक समजून घ्यावा. चूळ भरली की पाणी गालांत आणि दातांवर फिरते, टॉन्सिलपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यासाठी घशातली गुळणीच लागते. वुजूमध्ये तोंडात पाणी फिरवून आपण दात स्वच्छ करतो, पण घशातील खड्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. रोजा असताना खोल गुळणी करू नये, पाणी घशाखाली जाऊ शकते. ती इफ्तारनंतर आणि सहरीची वेळ संपण्याआधी करावी. रोजाच्या दिवसांत तोंड सुकते आणि लाळ कमी होते, त्यामुळे वास वाढू शकतो. म्हणून या दोन्ही वेळी गुळण्या आणि दोहोंच्या मधल्या वेळात पुरेसे पाणी, एवढे पुरते.

खडा समोर दिसत असेल आणि सैल वाटत असेल, तरच गुळणीनंतर तो काढायचा प्रयत्न करावा. पोट भरलेले असताना नको, उलटी येते. ओल्या केलेल्या कापसाच्या बडने खड्याच्या खालच्या बाजूला हलका दाब द्यावा, खड्यावर सरळ टोचू नये. दोन-तीन वेळा प्रयत्न करूनही निघाला नाही तर सोडून द्यावा. तो पुढे आपोआप निघेल किंवा डॉक्टर काढतील. रक्त दिसले तर लगेच थांबावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत हा प्रयोग करू नये.

सेफ्टी पिन, हेअरपिन, सुई, काडी, कडुलिंबाची काटकी किंवा मिसवाकचे टोक घशात कधीही घालू नये. टॉन्सिलमध्ये रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि जखम झाली की तिथे जंतू शिरतात. लिंबू, व्हिनेगर, तुरटी किंवा खाण्याचा सोडा यांनी खडा विरघळत नाही. उलट लिंबू आणि व्हिनेगर रोज वापरले तर दातांचा वरचा थर झिजतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणल्याने खड्याचे काम होत नाही, खाच तशीच राहते आणि पुन्हा भरते.

एक उदाहरण

समजा, कारंजातील सव्वीस वर्षांची एक शिक्षिका आहे. तिच्या अम्मीने एके दिवशी हळूच तिला वासाबद्दल सांगितले. तिने टॉर्चने पाहिले तर डाव्या टॉन्सिलवर एक ठिपका. ताप नाही, दुखणे नाही. तिने दोन आठवडे गुळण्या केल्या आणि रोज सकाळी जिभेचा मागचा भाग साफ केला. चौथ्या दिवशी गुळणीत खडा निघाला. वास बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. तिसऱ्या आठवड्यात नवा खडा दिसला.

इथे तिने स्वतःला विचारायचे की कचरा येतो कुठून. ते दिवस कापसाच्या हंगामाचे. बाजारात, जिनिंगच्या आसपास धूळ आणि कापसाचे तंतू उडतात. तिला रोज सकाळी शिंका येतात, नाक चोंदते, रात्री तोंड उघडे ठेवून झोप लागते. नाकातला शेंबूड मागे उतरतो, तोंड कोरडे पडते आणि खाचा भरत राहतात. म्हणजे तिचा खरा इलाज नाकाच्या ॲलर्जीचा. तो कान-नाक-घसा तज्ज्ञाने ठरवायचा. नाकाचा त्रास आटोक्यात आला की खडे पूर्ण थांबतीलच असे नाही, पण त्यांच्यातले अंतर वाढते.

पुन्हा होऊ नयेत म्हणून

रात्रीचे दात घासणे टाळू नये आणि जिभेचा मागचा भाग रोज साफ करावा. जेवणानंतर गुळणी करावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. तोंडाने श्वास घेण्याची सवय असेल तर नाकाची तपासणी करावी. जळजळ आणि आंबट ढेकर असतील तर रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे. खर्रा आणि तंबाखू यांनी तोंड आणि हिरड्या बिघडतात, वास वाढतो आणि नुसत्या गुळण्यांनी तो जात नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

एकाच बाजूचा टॉन्सिल स्पष्ट मोठा दिसणे, रक्त येणे, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, मानेला गाठ, वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. खर्रा, तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. त्यांना जो पांढरा खडा वाटतो तो वेगळाच आजार असू शकतो. तोंड उघडेनासे होणे, तीव्र ताप, गिळता न येणे किंवा आवाज बदलणे ही तातडीची लक्षणे आहेत. कारंजाच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावे. पुढची तपासणी लागली तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे.

खडे वारंवार होऊन जगणे अवघड झाले तर टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय आहे. मोठ्या माणसांना तिचा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो आणि ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून एखाददुसऱ्या खड्यासाठी ती करत नाहीत. डॉक्टरांकडे जाताना खडे किती दिवसांनी येतात, कोणत्या बाजूला, नाक चोंदते का, आपण तंबाखू घेता का, हे चार मुद्दे कागदावर लिहून न्यावेत. नाक आणि तंबाखूची गोष्ट रुग्ण लपवतात आणि नेमके कारण तिथेच हुकते.