पाहुणी म्हणून गेली, आता पत्नी म्हणून राहायचंय

अमेरिकेत बहिणीकडे फिरायला गेलेल्या मुलीचं तिथेच लग्न ठरतं, होतंही, आणि मग दोन्ही घरांत एकच वाद सुरू होतो. मुलीने परत येऊन रीतसर व्हिसा घेऊन जावं, की तिथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करावा? एक काका छातीठोकपणे सांगतात, 'पर्यटक व्हिसावर लग्न करणं बेकायदा आहे.' दुसऱ्या मावशी सांगतात, 'काही होत नाही गं, आमच्या सोसायटीतल्या तिघींनी असंच केलंय.' दोघांचंही अर्धवट खरं आहे.

पर्यटक म्हणून जाऊन अमेरिकेत लग्न करणं गुन्हा नाही. लग्न करून मुदतीत परत यायचं असेल, तर त्यासाठी पर्यटक व्हिसा चालतो, हे तिथल्या परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तकातच आहे. अडचण येते ती लग्नानंतर तिथेच राहायचं ठरल्यावर. त्यालाही कायद्यात वाट आहे. देश न सोडता पाहुण्याचा कायमचा रहिवासी होण्याच्या या प्रक्रियेला 'अ‍ॅडजस्टमेंट ऑफ स्टेटस' म्हणतात. नवरा अमेरिकी नागरिक असेल तर तो आय-१३० आणि पत्नी आय-४८५ हे अर्ज एकदमच भरू शकतात. तिने विमानतळावर तपासणी होऊन रीतसर प्रवेश घेतलेला असावा, ही मुख्य अट. नागरिकाच्या पत्नीला कायदा इथे बराच सैल आहे. तिची राहण्याची मुदत उलटली असली, किंवा तिने परवानगीशिवाय थोडं काम केलं असलं, तरी तेवढ्या कारणाने तिचा अर्ज करण्याचा हक्क जात नाही.

इतकं उदार असलेला हा कायदा एका गोष्टीला मात्र माफ करत नाही, ती म्हणजे प्रवेश मिळवताना बोललेलं खोटं.

समजा, नाशिकची एक तरुणी १० जानेवारी २०२५ रोजी न्यूअर्कला उतरली. अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, एडिसनला बहीण आहे, तीन महिने राहीन. तिला ९ जुलैपर्यंत राहायची परवानगी मिळाली. बहिणीच्या ओळखीतल्या एका मराठी मुलाशी गाठीभेटी वाढल्या, मार्चमध्ये त्याने विचारलं, आणि एप्रिलच्या २० तारखेला दोघांनी न्यू जर्सीत नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तिथे लग्नाचा परवाना अर्जानंतर ७२ तासांनी मिळतो, त्यामुळे हे सगळं आठवडाभरात उरकतं. मुलगा नागरिक आहे. ही तरुणी तिथूनच अर्ज करू शकते, कारण विमानतळावर तिने सांगितलं ते त्या दिवशी खरं होतं. माणसाचं मन नंतर बदलू शकतं, हे कायद्याला मान्य आहे.

आता याच गोष्टीत एकच तपशील बदलून पाहू. डिसेंबरमध्ये नाशिकलाच साखरपुडा झालाय, एडिसनचा हॉल ठरलाय, शालू बॅगेत आहे, आणि नोकरीचा राजीनामा देऊन झालाय. विमानतळावरचं उत्तर मात्र तेच: बहिणीकडे, तीन महिने. हे जाणूनबुजून केलेलं चुकीचं निवेदन ठरू शकतं आणि त्याची शिक्षा आहे कायमची प्रवेशबंदी. तिच्यातून सुटका मागता येते, पण त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला अथवा आईवडिलांना असह्य त्रास होईल, हे सिद्ध करावं लागतं. पत्नीची आठवण येईल, घर सुनं होईल, एवढ्याने भागत नाही.

इथे एक बारकावा वकीलही घाईत सांगतात. राहायचा इरादा मनात होता, एवढ्याच कारणाने नागरिकाच्या पत्नीचा अर्ज सहसा फेटाळू नये, असं तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९८० च्या कवाझोस प्रकरणात आणि पुढच्या वर्षी इब्राहिम प्रकरणात म्हटलं आहे. मनातला इरादा आणि तोंडाने बोललेलं खोटं या वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकाऱ्याने काही विचारलंच नाही आणि ती काही बोललीच नाही, तर प्रकरण एका बाजूला झुकतं. त्याने लग्नाबद्दल विचारलं आणि ती 'नाही' म्हणाली, तर दुसऱ्या. ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत शपथेवर हेच विचारलं जातं: कधी भेटलात, कधी ठरलं, विमानतळावर काय सांगितलंत? व्हिसासाठी भरलेल्या डीएस-१६० अर्जातली उत्तरंही सरकारकडे असतातच.

आपल्याकडच्या मंडळींत एक तोडगा फिरत असतो, नव्वद दिवस थांबून मग लग्न करायचा. यामागचा नियम खरा आहे. २०१७ पासून परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तकात असं आहे की, प्रवेशानंतर नव्वद दिवसांत कोणी आपल्या व्हिसाशी विसंगत वागलं, म्हणजे लग्न करून तिथेच बिऱ्हाड थाटलं, तर तिने आधी खोटं सांगितलं असं गृहीत धरता येतं. पण हा नियम वकिलातीतल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. देशातले ग्रीन कार्डाचे अर्ज तपासणाऱ्या खात्यावर तो बंधनकारक नाही, आणि एक्क्याण्णवा दिवस उजाडला म्हणून कोणी सुटत नाही. आपल्या उदाहरणातलं लग्न शंभराव्या दिवशी झालं. पण हॉलची पावती १२ जानेवारीची निघाली, तर ते दिवस मोजण्याचा उपयोग काय? अधिकारी फोनमधली पत्रिका, बॅगेतली कागदपत्रं, एकतर्फी तिकीट पाहतात. विमानतळावरच संशय आला, तर तिथूनच परत पाठवलं जातं आणि सहसा पाच वर्षांची बंदी लागते.

म्हणून लग्न आधीच ठरलेलं किंवा झालेलं असेल, तर माझा कल स्पष्ट आहे: आय-९४ वरची मुदत संपायच्या आत परत यावं. पाहुणी म्हणून आली, पाहुणी म्हणून राहिली आणि गेली, यात खोटं काही उरत नाही. मग नवरा आय-१३० भरतो, तो मंजूर झाल्यावर कागद राष्ट्रीय व्हिसा केंद्रात जातात, आणि शेवटी मुंबईच्या बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. या सगळ्याला बहुधा वर्षभर किंवा जास्त लागतं. पण एकदा का ती या व्हिसावर गेली, की उतरल्या दिवसापासून कायमची रहिवासी होते आणि नोकरीही करू शकते. मधल्या काळात ती आपल्या घरी असते, आणि हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

कारण तिथे राहून अर्ज केला, की ती एका अर्थी अडकते. कामाचा परवाना येईपर्यंत नोकरी नाही. 'अ‍ॅडव्हान्स परोल' नावाची प्रवासाची परवानगी हातात येण्याआधी देश सोडला, तर आय-४८५ सोडून दिला असं मानलं जातं. पहिल्या प्रसंगातल्या त्या तरुणीचा अर्ज मेमध्ये गेला आणि जूनमध्ये नाशिकला वडील अतिदक्षता विभागात दाखल झाले, असं धरा. कागद, फी, वैद्यकीय तपासणी, सगळं नीट असूनही विमानात बसली की अर्ज संपला. एकट्या आय-४८५ ची एप्रिल २०२४ पासूनची फी १,४४० डॉलर आहे, तीही गेली. तातडीची परवानगी मागता येते, पण ती वेळेत मिळेल याची हमी नाही. आईवडील थकलेले आहेत आणि आपण एकुलती एक आहोत, अशा मुलीने हा विचार कायद्याच्याही आधी करावा.

नवरा नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर बहुतेकींसाठी तिथे राहण्याचा पर्यायच उरत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला वार्षिक कोट्यातल्या रांगेत उभं राहावं लागतं आणि आपला नंबर येईपर्यंत वैध दर्ज्यात असावं लागतं. नागरिकाच्या पत्नीला मिळणारी मुदतभंगाची माफी तिला सहसा नाही. सहा महिन्यांच्या मुक्कामात ही रांग क्वचितच संपते. 'नुसता आय-१३० भरलाय ना, मग राहायला हरकत नाही' हा समज इथेच घात करतो. त्या अर्जाने राहण्याचा कुठलाच हक्क मिळत नाही. तिने मुदतीत परतावं.

ज्यांची मुदत आधीच उलटली आहे, त्यांच्यासाठी मात्र सल्ला उलटा होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त, पण वर्षापेक्षा कमी काळ बेकायदा राहून देश सोडला, तर तीन वर्षांची बंदी. एक वर्ष किंवा अधिक राहून सोडला, तर दहा वर्षांची. ही बंदी बाहेर पडण्याने लागू होते. आपल्या तरुणीने ९ जुलैनंतर काहीच अर्ज केला नसता, तर १० जुलैपासून दिवस मोजले गेले असते आणि ५ जानेवारी २०२६ ला १८० भरले असते. त्या दिवशी ती निघाली तर बंदी नाही, दुसऱ्या दिवशी निघाली तर तीन वर्षं. 'आता शहाण्यासारखं परत जाऊन नियमाने येऊ' असं म्हणून तेव्हा विमानात बसणं सगळ्यात महागात पडतं. अशा वेळी नागरिक नवऱ्याच्या आधाराने तिथूनच अर्ज करणं बहुधा हिताचं असतं, आणि रीतसर भरलेला आय-४८५ प्रलंबित असेपर्यंत बेकायदा दिवस पुढे मोजले जात नाहीत. अ‍ॅडव्हान्स परोलवर जाऊन आल्याने ही दहा वर्षांची बंदी लागत नाही, हा २०१२ चा निर्णयही अर्रबल्ली आणि येर्रबेल्ली या भारतीय दांपत्याच्याच प्रकरणातला आहे.

पण राहणंही पूर्वीसारखं बिनधोक राहिलेलं नाही. अर्ज फेटाळला गेला आणि दर्जा संपलेला असेल, तर थेट हद्दपारीची नोटीस काढण्याचं धोरण २०२५ मध्ये कडक झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन डिएगोमध्ये मुलाखतीला आलेल्या, मुदत उलटलेल्या काही जोडीदारांना कार्यालयातच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्या बाजूला, परत येऊन मुंबईत मुलाखत दिली आणि अधिकाऱ्याने नकार दिला, तर त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागणं जवळजवळ अशक्य आहे. जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकालाही नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मुन्योझ प्रकरणात सांगितलं. जुना गुन्हा, आधीचा व्हिसानकार किंवा पूर्वी कधी चुकीची माहिती दिलेली असेल, तर बाहेर पडण्याआधी वकिलाशी बोलायलाच हवं.

त्या वकिलाकडे जाण्यापूर्वी दोन गोष्टी काढून ठेवा. i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावर पासपोर्टचा तपशील भरून आय-९४ ची प्रत घ्या. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा दिसत असला, तरी राहण्याची शेवटची तारीख इथेच कळते. आणि आपल्या डीएस-१६० ची प्रत शोधून पाहा. ती एजंटाने भरली असेल तर त्याच्याकडून मागून घ्या. वैवाहिक स्थिती आणि प्रवासाचा हेतू या रकान्यांत त्याने तुमच्या नावावर काय लिहिलं आहे, ते पाहिल्याशिवाय कोणत्याही नव्या अर्जावर सही करू नका.