दम्यामुळे न्यूमोनियाचा धोका घटतो?

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये संशोधकांनी न्यूमोनियाच्या 14 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. कोणाला रुग्णालयात ठेवायचे आणि कोणाला औषधे देऊन घरी पाठवायचे, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून त्यांना मृत्यूच्या शक्यतेचा अंदाज हवा होता. या माहितीतून एक चमत्कारिक नियम निघाला: न्यूमोनियाच्या रुग्णाला दमा असेल, तर मृत्यूचा धोका कमी.

आकडेमोड बरोबर होती. दम्याचा जुना रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर सावध होत, अनेकदा त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत. त्या उपचारांमुळे असे रुग्ण जास्त वाचले. रिग्रेशनमध्ये दम्यापुढे उणे चिन्हाचा सहगुणक येतो तो यामुळेच. त्यात दम्याचा स्वभाव आणि डॉक्टरांची तत्परता दोन्ही मिसळलेली असतात.

अंदाजाचे मॉडेल तपासायची रीत अशी: काही रुग्ण बाजूला ठेवायचे, उरलेल्यांवर मॉडेल घडवायचे आणि मग बाजूला ठेवलेल्यांवर त्याचे अंदाज पडताळायचे. इथे ही परीक्षा चूक पकडूच शकत नाही. बाजूला ठेवलेल्या दमेकऱ्यांनाही तेच तातडीचे उपचार मिळालेले असतात, त्यामुळे मॉडेल छान उत्तीर्ण होते. गफलत होते ती त्याच्या भरवशावर दमेकऱ्याला घरी पाठवले तर. ज्या काळजीमुळे धोका कमी दिसत होता, तीच मग काढून घेतली जाते. ‘आजच्या पद्धतीने उपचार झाले तर काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर ‘उपचार बदलले तर काय होईल’ या प्रश्नाला लावलेले असते.

मग अतिदक्षता विभागाचा रकानाही मॉडेलमध्ये घालावा का? घातला की नवी अडचण येते. तिथे मुळात अत्यवस्थ रुग्ण जातात, म्हणून तो विभागच घातक वाटू लागतो. दम्याचा खरा परिणाम शोधायचा तर रुग्ण दाखल होताना किती आजारी होता, हे आधी नोंदलेले हवे, आणि कशामुळे काय घडते याचे चित्र मॉडेल बांधण्यापूर्वी काढावे लागते. ते चित्र आकड्यांतून आपोआप निघत नाही. ते वैद्यकाच्या जाणकारीतून येते.

म्हणून अहवालात ‘दम्यामुळे धोका घटतो’ असे लिहू नये. ‘तेव्हाच्या उपचारपद्धतीत दमा असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी नोंदले गेले’ एवढेच लिहावे, आणि अंदाजासाठी बांधलेल्या मॉडेलचे सहगुणक कारणांच्या यादीसारखे मांडू नयेत.

त्या प्रकल्पात न्यूरल नेटवर्कचे अंदाज सर्वांत अचूक होते. तरीही संशोधकांनी ते रुग्णांवर वापरायचे टाळले. दम्याचा नियम वाचता येणाऱ्या मॉडेलमध्ये डोळ्यांना दिसला होता. नेटवर्कने असे आणखी काय शिकले असेल, हे पाहायची सोय नव्हती. रिच करुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हीच माहिती वाचता येणाऱ्या नव्या पद्धतीने पुन्हा तपासली. तेव्हा दम्याबरोबर हृदयविकार आणि छातीत दुखण्याचा पूर्वेतिहासही ‘धोका घटवताना’ दिसला.