किरकोळ खांबाचा क्रांतिक भार

उंच आणि बारीक खांब बहुधा चिरडून मोडत नाही. त्याआधीच तो बाजूला वाकतो. भार वाढत असताना एका मर्यादेपर्यंत तो सरळ राहतो. ती मर्यादा आली की जरासा धक्काही त्याला वाकवायला पुरतो. ही मर्यादा म्हणजे क्रांतिक भार. गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये त्याचा हिशेब मांडला. आज तो असा लिहितात:

P = π²EI/(KL)²

यात E हा पदार्थाचा ताठपणा, I हा छेदाच्या आकारावरून येणारा वाकण्याविरुद्धचा जोर, L ही लांबी आणि K हा टोके कशी धरली आहेत ते सांगणारा गुणक. पोलादाची ताकद यात कुठेच नाही. म्हणून बारीक खांबाला अधिक ताकदीचे पोलाद वापरले तरी फारसा फरक पडत नाही, कारण E जवळजवळ तोच राहतो.

परातीसाठी वापरतात तो ४८.३ मिमी व्यासाचा, ३.२ मिमी जाडीचा पाइप ३ मीटर उंच उभा केला, असे समजू. दोन्ही टोके जागची हलत नाहीत, पण फिरू शकतात; म्हणजे K = १. क्रांतिक भार सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टन येतो. नुसता दाबून हाच पाइप नमवायचा, तर साध्या पोलादाला साडेअकरा टनांच्या आसपास भार लागेल.

आता खालचे टोक पक्के आणि वरचे मोकळे ठेवले, तर K = २ होतो. वाकलेल्या पाइपची रेषा पूर्ण कमानीचा अर्धाच भाग असते, म्हणून हिशेबाची लांबी, म्हणजेच प्रभावी लांबी, ६ मीटर धरावी लागते. लांबीचा वर्ग होत असल्याने भार चौपट घटून जेमतेम ६५० किलोवर येतो. दोन्ही टोके घट्ट आवळली तर K = ०.५ आणि उत्तर दहा टनांच्या पुढे जाते. मात्र ते जसेच्या तसे धरू नये. इतक्या भाराला पोलादावरचा ताण नमण्याच्या जवळ पोचतो आणि पाइपचा मूळचा किंचित बाकही त्यात भर घालतो.

शिवाय पूर्ण घट्ट टोक प्रत्यक्षात मिळत नाही. भारताचे आयएस ८०० हे मानक दोन्ही टोके पक्की असतील, तरी K = ०.६५ धरते. मातीवर ठेवलेली फळी आणि पाचर यांना तर पक्के टोक म्हणताच येत नाही. खरी फसगत होते ती वरचे टोक बाजूला सरकू शकते तेव्हा. कागदावर K = १ लिहिलेले असते आणि सेंटरिंगला तिरपे बांध नसल्याने टेकूंची अख्खी रांग कलू शकते.

उपाय स्वस्त आहे: मध्यावर आडवा पाइप क्लँपने जोडून तो तिरप्या बांधाला टेकवला की लांबी अर्धी होते आणि ऑयलरच्या हिशेबाने भार चौपट होतो. पण आडवा पाइप एकाच दिशेला बांधला, तर खांब दुसऱ्या दिशेला पूर्वीच्याच भाराला वाकतो.